विस्कटलेल्या शब्दांचं वाक्य लावताना नेमका कशाचा आधार घ्यायचा?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे, मराठी माध्यम. तिच्या व्याकरणाच्या वहीत ‘शब्दांचा योग्य क्रम लावून अर्थपूर्ण वाक्य लिहा’ असा प्रश्न दर आठवड्याला असतो. परवाचे शब्द असे होते:

चिमण्यांना / आजीने / अंगणातल्या / टाकले / सकाळी / दाणे / मूठभर

तिने लिहिलं, ‘अंगणातल्या चिमण्यांना आजीने सकाळी मूठभर दाणे टाकले.’ त्यावर लाल फुली. अपेक्षित उत्तर होतं, ‘आजीने सकाळी अंगणातल्या चिमण्यांना मूठभर दाणे टाकले.’ माझ्या कानाला दोन्ही वाक्यं बरोबर वाटतात. लेकीने विचारलं, ‘माझं चुकलं कुठे?’ तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आपण हे सगळं कानाने लावतो. पण मुलांना सांगताना काहीतरी धरायला हवं ना? प्रत्यय बघायचे, क्रियापद बघायचं, की आणखी काही? आणि तिचं उत्तर खरोखर चूक आहे का?

मोकळाढाकळा

क्रियापद शेवटी ठेवायचं, बाकी मराठीत सगळं चालतं. लेकीचं उत्तर शंभर टक्के बरोबर.

परशा_नगरकर

सोपं आहे ताई. ‘ने’ लागला की कर्ता, ‘ला’ किंवा ‘ना’ लागला की कर्म. कर्ता आधी, मग कर्म, मग क्रियापद. काळ दाखवणारा शब्द कर्त्याच्या आगेमागे. आम्ही शाळेत हेच शिकलो आणि कधी अडलं नाही. या हिशेबाने पुस्तकातलं उत्तर बरोबर, कारण कर्ता पहिला आहे.

उपेंद्र_जोगळेकर

आमच्याकडेही हा खेळ जोरात चालतो. मी नातवाला ‘र ग म’ देतो आणि ‘मगर’ करायला सांगतो. त्याने एकदा ‘गरम’ केलं, तेही बरोबरच! चार अक्षरी दिलं की मात्र तो चिडतो. अक्षरांची पत्ती लाकडी मिळतात का कुठे?

रसिका_म

उपेंद्रकाका, इथे अक्षरं नाही, अख्खे शब्द विस्कटलेत. पण ‘गरम’ आवडलं.

परशादादा, तुमच्या नियमाने हे लावून बघा: आवडतो / रोहनला / आंबा. ‘ला’ रोहनला आहे, म्हणजे रोहन कर्म? आणि आंबा कर्ता? तरीही वाक्य आपण ‘रोहनला आंबा आवडतो’ असंच लावतो. ‘ला’वाला शब्द पहिला येतो आणि अगदी सहज येतो. मला भूक लागली, ताईला ताप आला, आजोबांना ऐकू येत नाही, सगळीकडे तेच. ‘कर्म दुसरं’ म्हणून पोराने ‘आंबा रोहनला आवडतो’ लिहिलं तर ते चूक नाही, पण कुणी मुद्दाम आंब्याबद्दल बोलत असेल तेव्हाच तसं म्हणेल.

आणि ‘ने’चंही तेच. आजोबांनी / कलिंगड / सुरीने / कापलं. इथे आजोबांच्या ‘नी’ला कर्ता म्हटलंत, तर सुरीच्या ‘ने’चं काय करणार?

परशा_नगरकर

सुरी कर्ता नाही हे कुणालाही कळतं की! साधन आहे ते. निर्जीव आहे.

रसिका_म

कळतं, पण ‘ने’वरून नाही कळत, सुरी म्हणजे काय हे माहीत असल्यामुळे कळतं. मी तेवढंच म्हणतेय. प्रत्यय अर्धं काम करतो, उरलेलं अर्थ करतो.

शाळाबाई

सायलीताई, मी अनेक वर्षं प्राथमिकच्या मुलांना हे शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलं ‘पहिला शब्द कोणता’ असं शोधत बसतात आणि तिथेच अडकतात. मी त्यांना पहिला शब्द शोधूच देत नसे. आधी जोड्या शोधायच्या. काही शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत, त्यांना पुढचा शब्द लागतोच. तुमच्या वाक्यात असा शब्द ‘अंगणातल्या’ आहे. तो मोठ्याने वाचायचा आणि थांबायचं. ‘अंगणातल्या…’ कोण? कशाला? पुढे काहीतरी आलंच पाहिजे हे मुलांच्या कानाला लगेच कळतं.

आता पुढे काय येईल? इथे शेवटचं अक्षर कामाला येतं. ‘अंगणातल्या दाणे’ असं कुणी म्हणणार नाही, दाण्यांना ‘अंगणातले दाणे’ लागेल. ‘ल्या’ आहे म्हणजे पुढचा शब्द प्रत्यय घेऊन वाकलेला हवा किंवा ‘चिमण्या’, ‘वेली’ असा स्त्रीलिंगी अनेकवचनी हवा. वाकलेले शब्द दोन आहेत, ‘चिमण्यांना’ आणि ‘आजीने’. ‘अंगणातल्या आजीने’ हे रूप म्हणून बरोबर बसतं हो, एकही अक्षर चुकत नाही. पण ‘अंगणातली आजी’ म्हणजे दारातल्या आजीपेक्षा वेगळी कुणीतरी, असं वाटायला लागतं. म्हणून चिमण्या. एक जोडी झाली.

मग क्रियापद हातात घ्यायचं. ‘टाकले’. काय टाकले? दाणे. दाणे पुल्लिंगी अनेकवचनी, म्हणून ‘टाकले’. आजी बाई आहे, पण ‘टाकली’ झालं नाही, कारण तिच्या अंगावर ‘ने’ आहे. ‘ने’ लागला की भूतकाळात क्रियापद तिच्याकडे बघत नाही, टाकलेल्या वस्तूकडे बघतं. म्हणजे ‘टाकले’ आणि ‘दाणे’ एकमेकांचे आहेत, हे क्रियापदच सांगतं.

उरले ‘मूठभर’, ‘आजीने’, ‘सकाळी’. मूठभर दाण्यांना जोडा. एवढं झालं की तुमच्याकडे सात सुटे शब्द नाहीत, पाच गट्ठे आहेत: आजीने, सकाळी, अंगणातल्या चिमण्यांना, मूठभर दाणे, टाकले. टाकले शेवटी. बाकीचे चार गट्ठे पुढेमागे झाले तरी वाक्य मोडत नाही. गट्ठ्याच्या आतला क्रम मात्र मोडता येत नाही. ‘चिमण्यांना आजीने अंगणातल्या’ असं झालं की मोडलं.

तुमच्या लेकीने एकही गट्ठा मोडलेला नाही. फुली मारायला नको होती.

मोकळाढाकळा

म्हणजे मी एका ओळीत जे म्हटलं तेच. 😊

शाळाबाई

नाही हो. तुम्ही ‘बाकी सगळं चालतं’ म्हणालात. ‘दाणे अंगणातल्या सकाळी चिमण्यांना’ चालत नाही.

चाकोरी_क्लासेस

मी शिष्यवृत्तीची तयारी करून घेतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शाळाबाईंचं म्हणणं भाषा म्हणून मान्य. पण परीक्षेत एका प्रश्नाला एक उत्तर लागतं. हजारो पेपर तपासायचे, वेगवेगळ्या लोकांनी तपासायचे. तिथे ‘चार गट्ठे पुढेमागे चालतील’ म्हटलं तर तपासणारा प्रत्येक जण आपापल्या कानाने गुण देईल. म्हणून आम्ही मुलांना एक ठराविक साचा शिकवतो: कर्ता, काळ, स्थळ, कुणाला, काय, क्रियापद. या साच्यात उत्तर लिहिलं की कुणीच फुली मारत नाही. भाषा मोकळी आहे हे मुलाला मोठेपणी कळेलच.

अनघा_न्यूजर्सी

चाकोरीसर, तुमचा साचा आमच्या रविवारच्या मराठी शाळेतही चालतो, पण कारण वेगळं आहे. इथली मुलं इंग्रजीच्या सवयीने क्रियापद दुसऱ्या जागी ठेवतात. ‘आजीने टाकले दाणे चिमण्यांना.’ त्यांना ‘क्रियापद शेवटी’ हे आधी पक्कं करावं लागतं, नाहीतर पुढचं काहीच बसत नाही.

पण साच्याने एक अडचण झाली. मुलं प्रत्ययाकडे बघेनाशीच झाली. पहिल्या खणात माणूस, दुसऱ्यात वेळ, असं भरत सुटली. मग मी एकदा ‘मुलाला / कुत्रा / चावला’ दिलं, तर निम्म्या वर्गाने ‘मुलाला’ला कर्त्याच्या खणात टाकलं, कारण माणूस तोच! वाक्य ‘मुलाला कुत्रा चावला’ असंच झालं म्हणून मी खूश झाले, पण ‘कोण चावलं?’ विचारल्यावर दोघा-तिघांनी ‘मुलगा’ सांगितलं. क्रम बरोबर आणि अर्थ उलटा.

तेव्हापासून शाळाबाईंसारखंच करते. चिठ्ठी वाचायची आणि थांबायचं. ‘अंगणातल्या…’ आणि वर्गाने ओरडायचं, ‘कोण?’ आणखी एक सांगते, चिठ्ठ्या करताना पूर्णविराम पुसून टाका. छापील तक्त्यात ‘टाकले.’ असं टिंबासकट छापलेलं असतं आणि मुलं भाषा न बघता टिंब बघून शेवटचा शब्द ठरवतात.

शिरीष_पनवेल

‘क्रियापद शेवटी’ हे फक्त कागदावर. बोलताना कोण पाळतं? ‘आला का रे तो?’ ‘गेली बघ गाडी.’ ‘दे ना पाणी.’ आमच्या घरात दिवसभरातली निम्मी वाक्यं क्रियापदाने सुरू होतात. ओवीत, अभंगात तर क्रियापद कुठेही बसतं. अनघाताईंच्या वर्गातलं ‘आजीने टाकले दाणे चिमण्यांना’ मला कवितेची ओळ वाटते.

अनघा_न्यूजर्सी

कवितेची वाटते कारण तुम्हाला साधा क्रम माहीत आहे. त्यांना अजून तो माहीत नाही.

दीपक_इंदूर

मी इंदूरचा, घरात मराठी, शाळा हिंदी. माझा अनुभव सांगतो. हिंदीत ‘ने’ सुटा लिहितात, ‘दादी ने’. तिथे शब्द विस्कटले की ‘ने’ची चिठ्ठी वेगळी येते आणि ती कुणामागे लावायची हेच कोडं असतं. मराठीत ‘आजीने’ एकच शब्द, म्हणजे अर्धं उत्तर चिठ्ठीवरच छापलेलं. तरी लहानपणी मी हमखास गडबडायचो ते ‘मी’पाशी. मी / पोळी / खाल्ली. हिंदीत ‘मैंने’, म्हणून मी ‘ने’ शोधत बसायचो. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो लागतच नाही. आणि ‘खाल्ली’ बघून वाटायचं, हे वाक्य कुणा मुलीचं आहे. आजी म्हणायची, पोळीकडे बघ, स्वतःकडे बघू नकोस.

शाळाबाई

दीपकराव, तुमच्या आजींचं वाक्य मी वर्गात वापरलं असतं! पण एक पुढचं टोक सांगते. ‘मी डबा विसरलो’, ‘मुलगी दूध प्यायली’. इथे क्रियापद पुन्हा माणसाकडे बघतं. विसरणे, शिकणे, पिणे अशी थोडी क्रियापदं आहेत, ती कर्म असूनही कर्त्याला ‘ने’ लावू देत नाहीत. म्हणून ‘भूतकाळात नेहमी वस्तूकडे बघ’ असं मी मुलांना कधी सांगितलं नाही. ‘ने’ दिसला तर वस्तूकडे बघ, एवढंच सांगायचे.

मुक्ता_दहावी

मी दहावीत आहे, लिहू का? सायलीकाकूंच्या वाक्याचं तिसरं उत्तर होतं. ‘अंगणातल्या मूठभर चिमण्यांना आजीने सकाळी दाणे टाकले.’ मूठभर चिमण्या म्हणजे थोड्याशा. मूठभर लोक म्हणतो ना, तसं.

सायली_ठाणे

अरेच्चा! हे मला सुचलंच नव्हतं. शाळाबाई, आता?

शाळाबाई

मुक्ता, शाबास. तुझं वाक्य बरोबर आहे, आणि इथे कसूर मुलांची नाही, प्रश्न काढणाऱ्याची आहे. मीही वर ‘मूठभर दाण्यांना जोडा’ असं सरळ म्हणून गेले, पण त्याला रूपाचा आधार काही नाही. ‘मूठभर’ हा शब्द वाकत नाही. मूठभर दाणे, मूठभर चिमण्यांना, रूप तेच. लाल, सुंदर, गोड, खूप हे शब्दही असेच मुके.

त्याऐवजी ‘टपोरे’ दिलं असतं तर? ‘टपोरे दाणे’ बसतं. ‘टपोरे चिमण्यांना’ बसत नाही, तिथे ‘टपोऱ्या’ लागेल. एका मात्रेने प्रश्न पक्का झाला असता. प्रश्न काढताना एवढं बघितलं तरी निम्मी भांडणं मिटतात: विशेषण आकारान्त घ्या, म्हणजे मोठा, काळा, टपोरा, ताजा, जे पुढच्या शब्दाप्रमाणे आपलं रूप बदलतं.

चाकोरी_क्लासेस

हे मात्र मी लिहून घेतो. आमच्या सराव प्रश्नांत ‘सुंदर’ आणि ‘लाल’ फार येतात.

वऱ्हाडी_ठेचा

सगळे क्रियापदाच्या लिंगावर भरवसा ठेवून चाललेत म्हणून अमरावतीहून बोलतो. पुस्तकात असतं: मांजर / उंदीर / पकडते. शहाणा माणूस म्हणतो, ‘पकडते’ आहे म्हणजे मांजर कर्ता, ‘पकडतो’ असतं तर उंदीर. आमच्याकडे ‘तो जाते’, ‘तो येते’, ‘भाऊ शाळेत जाते’ असंच बोलतेत. आमच्या पोराच्या कानाला उंदीरही ‘पकडते’ आणि मांजरही ‘पकडते’. त्याला ही खूण मिळतच नाही. तो उत्तर बरोबर देते, पण ते मांजर उंदीर धरते हे त्याला ठाऊक आहे म्हणून.

मग मास्तर म्हणतात, पोराला व्याकरण येत नाही. येते जी, त्याचं येते.

रसिका_म

ठेचा भाऊ, हे फारच मोलाचं. मग तुमच्याकडे ‘साप / बेडूक / गिळतो’ दिलं तर? कारण तिथे पुस्तकी मराठीतही खूण नाही. दोघेही पुल्लिंगी, दोघांनाही प्रत्यय नाही.

वऱ्हाडी_ठेचा

‘साप बेडूक गिळते’, आणि काय. पहिला जो आला तो खाणारा. तिथे सगळेच सारखे, पुण्याचा असो की अमरावतीचा.

रसिका_म

तेच म्हणायचं होतं. जिथे प्रत्यय आणि क्रियापद दोन्ही गप्प, तिथे जागाच बोलते. ‘बेडूक साप गिळतो’ म्हटलं की बेडकानेच साप गिळला. जिथे प्रत्यय स्पष्ट आहे तिथे जागा मोकळी सुटते. ‘बेडकाला साप गिळतो’ आणि ‘साप बेडकाला गिळतो’ दोन्हीत बिचारा बेडूकच जातो. म्हणून मोकळाढाकळा म्हणतात तसं ‘बाकी सगळं चालतं’ हे दर वाक्यागणिक वेगळं असतं.

मोकळाढाकळा

मान्य. बेडकाला ‘ला’ लागेपर्यंत मी गप्प बसतो.

सायली_ठाणे

इथलं सगळं वाचून काल लेकीला बसवलं. जोड्या पटकन लावल्या, क्रियापदही कळलं. मग दुसऱ्याच ठिकाणी घोळ झाला. शब्द होते, वाऱ्याने / झाडाची / पाने / हलली. तिने ‘पाने’तल्या ‘ने’खाली रेघ मारली आणि म्हणाली, हा पण कर्ता! नंतर ‘मावशी’तल्या ‘शी’खाली आणि ‘पाऊस’मधल्या ‘स’खाली. हे कसं सोडवायचं?

परशा_नगरकर

हे तर मलाही होतं. ‘गेला’, ‘पडला’ यातल्या ‘ला’ने मुलाला फसवलंय. ‘पडला’ म्हणजे पडाला कुणी काय दिलं, असं विचारत होता.

शाळाबाई

प्रत्यय काढून बघायचा आणि उरलेल्याकडे बघायचं. ‘वाऱ्याने’मधून ‘ने’ काढला की ‘वाऱ्या’ उरतं. ‘वारा’ ओळखीचा आहे आणि तो वाकलाय, म्हणजे प्रत्यय खरा. ‘पाने’मधून ‘ने’ काढला की ‘पा’ उरतं, तो शब्दच नाही. ‘मावशी’मधून ‘शी’ काढा, ‘माव’ उरतं. ‘पाऊस’मधून ‘स’ काढा, ‘पाऊ’ उरतं. खोटा प्रत्यय लगेच उघडा पडतो.

यालाही मर्यादा आहे. काही शब्द वाकतच नाहीत. ‘आई’चं ‘आईने’ होतं, काहीच बदलत नाही. हल्ली नावंही न वाकवता लिहितात, ‘रोहनने’, ‘रोहनला’. जुन्या पद्धतीने ‘रामाने’, ‘गणेशाने’ व्हायचं. त्यामुळे वाकलेलं दिसलं तर नक्की प्रत्यय, पण वाकलेलं नाही म्हणून प्रत्यय नाही असं नाही.

लेकीला त्याच वाक्यात पुढचं दाखवा. ‘हलली’ कुणाचं? ‘वाऱ्याने’ला ‘ने’ आहे, म्हणून तिने वाऱ्याला कर्ता म्हटलं असेल. पण हलली ती पाने. एक पान ‘हललं’, अनेक पाने ‘हलली’. वारा फक्त कारण. रसिकाताईंच्या सुरीसारखाच हा ‘ने’.

सायली_ठाणे

हो, तिने वाऱ्यालाच कर्ता म्हटलं होतं! तुम्हाला कसं कळलं?

शाळाबाई

तीन मुलांमागे दोन तेच म्हणतात.

प्राची_कोल्हापूर

मला एका वाक्याने छळलंय. शेजारच्या / काकूंच्या / मुलीने / मला / गुळाची / पोळी / दिली. ‘गुळाची पोळी’ पक्की, ‘ची’ आहे म्हणून. ‘दिली’ पोळीचं, तेही कळलं. मुलीऐवजी मुलाने केलं तरी ‘दिली’च राहतं आणि पोळीऐवजी लाडू केला की ‘दिला’ होतं, हे मी पोराला करून दाखवलं, त्याला फार मजा वाटली. पण ‘शेजारच्या काकूंच्या मुलीने’ की ‘काकूंच्या शेजारच्या मुलीने’? दोन्ही ‘च्या’च!

मुक्ता_दहावी

दोन्ही बरोबर, पण मुलगी बदलते. पहिल्यात काकू शेजारी राहतात आणि मुलगी त्यांची. दुसऱ्यात मुलगी काकूंच्या शेजारी राहते, काकूंची नाही.

चाकोरी_क्लासेस

आणि परीक्षेत पहिलंच धरतील, कारण ‘शेजारच्या काकू’ हे जास्त ऐकू येतं.

प्राची_कोल्हापूर

म्हणजे पुन्हा ‘जास्त ऐकू येतं’वरच आलो!

दीपक_इंदूर

चाकोरीसर, एक विचारतो. एका सरावपुस्तकात मी असा प्रश्न पाहिला: ‘शब्द योग्य क्रमाने लावल्यास चौथा शब्द कोणता?’ आणि खाली चार पर्याय. सायलीताईंचं वाक्य घ्या. ‘आजीने सकाळी अंगणातल्या चिमण्यांना’ लावलं तर चौथा ‘चिमण्यांना’. ‘अंगणातल्या चिमण्यांना आजीने सकाळी’ लावलं तर चौथा ‘सकाळी’. दोन्ही वाक्यं चांगली मराठी. मग पोराने काय करायचं?

चाकोरी_क्लासेस

असे प्रश्न असतात, नाकारत नाही. म्हणूनच साचा शिकवतो म्हणालो.

शाळाबाई

सर, साचा शिकवण्यापेक्षा प्रश्न बदला. ‘अंगणातल्या’ हा शब्द कोणत्या शब्दाला जोडायचा? ‘टाकले’ हे रूप कोणत्या शब्दामुळे झालं? शेवटचा शब्द कोणता? या तिन्हींना एकच उत्तर आहे, वाक्य कसंही लावलं तरी बदलत नाही आणि तपासणाऱ्याच्या कानावर काही अवलंबून राहत नाही. शिवाय मुलाला प्रत्यय कळलाय की नाही हे याच प्रश्नांतून कळतं. ‘चौथा कोणता’ यातून फक्त त्याला साचा पाठ आहे एवढंच कळतं.

चाकोरी_क्लासेस

पहिले दोन प्रश्न घेईन, पटलेत. ‘शेवटचा शब्द कोणता’ फार सोपा होतो हो, पाचवीच्या मुलाला. पेपर काढणारे तुमचं ऐकतील तेव्हा साचा सोडेन, तोवर माझ्या मुलांचे गुण मी पणाला लावणार नाही.

शिरीष_पनवेल

‘शेवटचा शब्द’ इतकाही सोपा नाही. तू / उशिरा / का / आलास. शेवटी ‘आलास’ की ‘का’? ‘तू उशिरा का आलास?’ यात कारण विचारलंय. ‘तू उशिरा आलास का?’ यात फक्त हो की नाही. चारच शब्द, दोन वेगळे प्रश्न. आणि ‘नाही’चं काय? ‘मी डबा खाल्ला नाही’ म्हणतो, ‘मी डबा नाही खाल्ला’ही म्हणतो.

अनघा_न्यूजर्सी

‘नाही’ची चिठ्ठी मी क्रियापदाला टाचणीनेच जोडून देते, ‘खाल्ला नाही’. लहान वर्गात तेवढं पुरतं. ‘का’ मात्र मुद्दाम सुटा देते आणि दोन्ही वाक्यं लिहून घेते.

सायली_ठाणे

वर्गशिक्षिकांना भेटले. लेकीचं उत्तर त्यांनी मान्य केलं, गुणही दिला. मुक्ताचं ‘मूठभर चिमण्यांना’ सांगितलं तेव्हा मात्र म्हणाल्या, ‘तसं कुणी म्हणत नाही.’ मला अजून वाटतं की म्हणतात.

आणि आजच्या गृहपाठातलं: फक्त / मीनाने / दोन / लाडू / खाल्ले. लेकीने तीन वाक्यं लिहिली आहेत. ‘फक्त मीनाने दोन लाडू खाल्ले’, ‘मीनाने फक्त दोन लाडू खाल्ले’ आणि ‘मीनाने दोन लाडू फक्त खाल्ले’. तिसरं खोडू का?

रसिका_म

पहिली दोन ठेवा. ‘फक्त’ ज्याच्या आधी बसतं त्यालाच पकडतं. पहिल्यात बाकीच्यांनी दोन खाल्ले नाहीत. दुसऱ्यात मीनाने तिसरा घेतला नाही. तिसरंही मी खोडणार नाही. ‘दोन लाडू फक्त खाल्ले, डब्यात भरले नाहीत’ असं पुढे जोडलं की ते उभं राहतं.

परशा_नगरकर

पुढे जोडायची परवानगी प्रश्नात नाही. तिसरं खोडा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे ‘मीनानं दोनच लाडू खाल्ले’ म्हणतेत. ‘च’ लाडवालाही लागते, मीनालाही लागते, आणि ज्याला लागला त्यालाच चिकटून राहते. चिठ्ठी वेगळी काढताच येत नाही. बाईंना सांगा, ‘फक्त’ऐवजी ‘दोनच’ द्या.